प्रवासातले जुलाब: ओआरएस की अँटिबायोटिक?

प्रश्न: पुण्यात फिरायला आलोय. कालपासून चार वेळा पातळ जुलाब झाले. ताप नाही, रक्त नाही. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणू का?

उत्तर: नको, सध्या ओआरएस पुरे. 21 ग्रॅमचं अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा, दर जुलाबानंतर पेलाभर घोट घोट प्या. उरलेलं 24 तासांनी ओतून द्या. पेलाभर पाण्यातच पाकीट रिकामं केलं, तर मीठ-साखर जास्त होऊन जुलाब वाढतात. ताप भरला, रक्त पडलं किंवा खोलीबाहेर पडणंच अशक्य झालं, तर मात्र अँटिबायोटिकने फरक पडतो. डॉक्टर बहुधा अ‍ॅझिथ्रोमायसिन 500 मिलिग्रॅम रोज एक, तीन दिवस देतात; सिप्रोफ्लॉक्सासिनला आपल्याकडचे बरेच जंतू आता जुमानत नाहीत. लहान मूल, गरोदर बाई किंवा लघवी कमी झालेला माणूस असेल, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.