दहापेक्षा कमी माणसं, म्हणून नियम नाहीत?

> साताऱ्यात कापडाचं दुकान आहे, कामाला सहा जण. दिवाळीआधी चार आठवडे सुट्टी न देता दुकान चालवलं, बोनस दिला. आता काम सोडलेला मुलगा सुट्ट्यांचे पैसे मागतोय. दहापेक्षा कमी माणसं असतील तर कायदा लागत नाही ना?

दादा, हेच वाक्य मला कामगार कार्यालयातल्या एका बाबूंनी ऐकवलं होतं. "सूचना भरली, पावती मिळाली, आता तुम्हाला काही लागत नाही." त्याच खात्याची नोटीस आली तेव्हा मागितलं काय, तर हजेरी आणि पगारपत्रक! तो बाबू तोवर बदलून गेला होता. म्हणून सांगतो, तिथे तोंडी काही विचारू नका. अर्ज द्या, पोहोच घ्या.

बाबूंचं अर्धंच खरं होतं. 2017 च्या शॉप अ‍ॅक्टमध्ये दहाच्या आत माणसं असतील तर फक्त सूचना द्यायची असते आणि 2025 मध्ये ती मर्यादा वीसवर नेली. त्यामुळे आठ किरकोळ रजा, आठ सणांच्या सुट्ट्या हे त्या कायद्याने तुमच्यावर येत नाही. पण किमान वेतन एका माणसालाही लागतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून ते वेतन संहितेत आलंय, आणि सात दिवसांत एक पगारी सुट्टी त्यातच आहे. सुट्टीच्या दिवशी राबवलं तर दर दुप्पट.

समजा पगार 13,000. रोज काढायला 30 ने नाही, 26 ने भागायचं, कारण साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यातच धरलेला असतो. रोज 500, दुप्पट 1,000, चार सुट्ट्यांचे 4,000. बदली सुट्टी दिली असेल तर गोष्ट वेगळी, पण तिची नोंद हवी. बोनस यात वळता होत नाही.

मुळात 13,000 तरी पुरतात का ते बघा. महापालिका, नगरपालिका आणि गाव यांचे दर वेगळे असतात, आणि विशेष भत्ता जानेवारी-जुलैत बदलतो. आपल्याकडे पगार मात्र दिवाळीलाच वाढवतात.

पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकाची, आणि दावा तीन वर्षं मागचाही करता येतो. माझं मत स्पष्ट आहे: आता बसून जुनी हजेरी भरू नका. एकाच पेनने महिनाभर 'ह' मारलेलं कुणालाही ओळखू येतं, शिवाय सुट्टीलाही कामावर होता हे तुमच्याच वहीत लिहिलं जातं. उचलीच्या वहीतही प्रत्येक रकमेपुढे त्याची सही हवी, नाहीतर ती दिल्याचं सिद्ध करणं अवघड जातं.

मी वकील नाही. पण तुमच्या जागी असतो तर पोराला बोलावून हिशेब मांडला असता. काम सोडल्यावर दोन कामाच्या दिवसांत पैसे चुकते करायचे असतात, म्हणजे तुम्हाला उशीर झालाच आहे. रक्कम खात्यावर टाका आणि शिल्लक पगार, सुट्ट्या, उचल असं वेगवेगळं लिहून खाली सही घ्या. कोऱ्या व्हाउचरवर तिकीट लावून सही घेऊ नका, वाद झाला तर तेच अंगाशी येतं.