‘पपपपपपपपपपपपरकट’ला उत्तर काय द्यायचं?

“मी पाणी आणायला उठले तेवढ्यात मांजर लॅपटॉपवरून चालत गेलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर ‘पपपपपपपपपपपपरकट’ असं गेलं. घाबरून मी ते डिलीट केलं. आता साहेब विचारतायत, ‘काय होतं ते?’ खरं सांगितलं तर हसं होईल, नाही सांगितलं तर संशय. काय करू?”

खरंच सांगा. तो मजकूरच तुमच्या बाजूने साक्ष देतो.

तुमचा कीबोर्ड इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित अक्षरमांडणीचा दिसतो. त्यात प, र, क ही अक्षरं मधल्या ओळीत शेजारीशेजारी येतात, पुढे त आणि च, मग ट, आणि ट ला लागून एंटर. म्हणजे मांजर मधल्या ओळीतून सरळ उजवीकडे गेलं. आधी प वर पंजा टेकून थबकलं. कळ दाबून धरली की साधारण अर्ध्या सेकंदानंतर तेच अक्षर सेकंदाला 30 पर्यंत वेगाने उमटू लागतं, त्यामुळे 12 प म्हणजे सेकंदभराचाही मुक्काम नाही. पुढचा पंजा र आणि क वर एकदम पडला, त्यानंतरचा ट वर आणि एंटरवर. म्हणून तर निरोप गेला!

लहान मूल असतं तर मजकूर वेगळा दिसला असता. मूल दोन्ही तळव्यांनी थापट्या मारतं. डाव्या हाताखाली मात्रा-वेलांट्या येतात आणि व्यंजनाशिवाय पडलेल्या त्या खुणा ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेल्या दिसतात. शिवाय एंटर पुन्हा पुन्हा दाबला गेल्याने एका लांब ओळीऐवजी चार-पाच तुटक निरोप जातात.

डिलीट करणं मात्र अंगाशी आलं. बऱ्याच ॲपमध्ये ‘निरोप काढून टाकला’ अशी खूण मागे उरते आणि कुतूहल वाढतं. आता उत्तर एकाच निरोपात द्या:

“सर, ‘पपपपपरकट’ हे आमच्या मांजराचं मत होतं. माझे आकडे चार वाजेपर्यंत पाठवते.”

पहिल्या वाक्यात खुलासा आणि विनोद दोन्ही झाले, दुसऱ्याने गाडी कामावर आली. तीनदा माफी मागितलीत तर क्षुल्लक गोष्ट मोठी होते. मांजराचा फोटोही आत्ता नको, तो कुणी मागितला तर. सहकाऱ्यांनी चिडवलं तर एकदा हसरं उत्तर द्या आणि विषय सोडा.

त्याच ग्रुपवर कुणाच्या आजारपणाची किंवा निधनाची बातमी चालू असेल, तर विनोद पूर्ण गाळा. “चुकून गेलं, क्षमस्व” एवढं पुरे.

उद्या असा निरोप तुम्हाला आला, तर मांजराचा अंदाज लगेच बोलून दाखवू नका. घाईत किंवा बरं नसताना माणसंही असं टाइप करतात. आधी “सगळं ठीक ना?” विचारा, गंमत नंतर.

आणि उठताना विंडोजवर Win+L दाबा. पडदा कुलूपबंद झाला की मांजर फार तर पासवर्डच्या चौकटीत फेऱ्या मारील.