थकलेले दोन हप्ते: ठेव वापरावी की दिवाळीपर्यंत थांबावे?

प्रश्न: अंबडला माझा पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. गृहवित्त कंपनीच्या घरकर्जाचे १८ लाख बाकी आहेत, व्याज ९ टक्के आणि हप्ता २०,००० रुपये. बिले अडकल्यामुळे ५ जून आणि ५ जुलैचे हप्ते चुकले. जुलैच्या उताऱ्यात महिना २ टक्के दराने ४०० रुपये दंडात्मक शुल्क आणि त्यावर ७२ रुपये जीएसटी लावला आहे. दंडावर आता व्याज लागत नाही असे ऐकले. मग ऑगस्टपासून चालू हप्ते भरून हे दोन दिवाळीला फेडले तर चालेल का? बँकेत ७ टक्क्यांची १ लाखाची ठेव आहे, पण ती मोडायची नाही.

उत्तर: आपण ऐकले ते खरे आहे, परंतु त्यावरून थांबण्याचा निष्कर्ष निघत नाही. पूर्वी हप्ता थकला की अनेक संस्था व्याजदरच वाढवत, म्हणजे ९ टक्क्यांचे ११ टक्के करत, आणि ते दंडव्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज आकारत. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ही पद्धत बंद केली. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुनी कर्जे ३० जून २०२४ पर्यंत नव्या पद्धतीत आणायची होती. दंड आता स्वतंत्र शुल्क म्हणूनच घ्यावा लागतो आणि त्यावर व्याज चढवता येत नाही. मूळ करारातील नेहमीचे व्याज मात्र थकलेल्या रकमेवर पूर्वीप्रमाणेच चालू राहते; त्याला या परिपत्रकाने हात लावलेला नाही. (हा नियम बँका, नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांसाठी आहे. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत असल्यामुळे तेथील कर्जदाराने तो गृहीत धरू नये.)

आपल्या उताऱ्यातील ४०० रुपयांची आकारणी बरोबर दिसते, कारण जूनच्या २०,००० रुपयांवर एका महिन्याचे २ टक्के तेवढेच होतात. दंड केवळ थकलेल्या रकमेवर लावता येतो. कोणी संपूर्ण १८ लाखांवर वार्षिक २ टक्के लावले असते, तर एकाच महिन्याचे ३,००० रुपये झाले असते, आणि उताऱ्यातील चूक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण हीच आहे. ७२ रुपयांचा जीएसटी मात्र चुकीचा आहे. दंडात्मक शुल्कावर हा कर लागत नाही, असा खुलासा जानेवारी २०२५ मध्ये झालेला असल्यामुळे तो परत मागावा. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर गृहवित्त कंपन्यांच्या तक्रारी पाहणाऱ्या राष्ट्रीय आवास बँकेकडे (एनएचबी) तक्रार करता येते.

आता थांबण्याचा खर्च पाहू. ४०,००० रुपये चार महिने थकीत राहिले तर दंड ३,२०० रुपये आणि नेहमीचे व्याज सुमारे १,२०० रुपये, म्हणजे एकूण साधारण ४,४०० रुपये जातील. तेवढ्याच रकमेवर ठेवीचे व्याज याच काळात सुमारे ९३३ रुपये मिळते. दंडावर व्याज नसले तरी दंडाचा दरच वर्षाला २४ टक्के आहे, ही गोष्ट आपल्या हिशेबातून निसटली आहे.

याहून मोठा धोका दिवसांच्या मोजणीत आहे. आपण ऑगस्टमध्ये जो हप्ता भराल तो साधारणतः आधी जूनच्या थकबाकीत जमा होईल आणि ऑगस्टचा हप्ता थकीत राहील. म्हणजे दर महिन्याला पैसे भरूनही कर्ज सतत एक ते दोन महिने मागेच राहील आणि तशीच नोंद पतअहवालात जात राहील. या काळात आणखी एक बिल अडकून एक हप्ता चुकला, तर सर्वांत जुनी थकबाकी ९० दिवसांच्या पुढे जाऊन खाते अनुत्पादक ठरेल. (काहीच न भरल्यास आपल्या बाबतीत हा दिवस ३ सप्टेंबरला येतो.) तेथून परत नियमित होण्यासाठी सगळी थकबाकी भरावी लागते, एखादा हप्ता भरून भागत नाही. ज्या कारखानदाराला पुढे खेळत्या भांडवलासाठी कर्ज लागणार आहे, त्याला चार हजारांच्या या खर्चापेक्षा ही नोंद फार महाग पडेल.

म्हणून माझे मत असे की ठेव मोडू नये, परंतु तिच्यावर आजच कर्ज घ्यावे. ठेवीच्या दरापेक्षा बहुधा एक टक्का जास्त, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास व्याज पडेल आणि ४०,००० रुपयांवर चार महिन्यांत ते सुमारे १,०६७ रुपये होईल. बिलांचे पैसे आले की हे कर्ज फेडावे. रक्कम ५ ऑगस्टपूर्वी भरावी आणि ती प्रथम दोन हप्त्यांत व नंतर दंडात जमा करावी असे लेखी कळवावे. करारात जमा करण्याचा क्रम वेगळा असेल तर दंडाची रक्कमही त्याच दिवशी भरावी, नाहीतर हप्त्यातले काही रुपये बाकी राहून थकबाकी कायम दिसेल. ऑगस्टच्या हप्त्याचे २०,००० रुपये खात्यात आदल्या दिवशीच असू द्यावेत, कारण खात्यातून वजावट न झाल्यास लागणारे शुल्क या दंडाहून वेगळे असते.