गुळाच्या स्टॉलचं पत्रक: काय ठेवायचं, काय काढायचं

प्रश्न: आमचं पन्हाळ्याकडे गुऱ्हाळ आहे. भेंडी घालून गूळ करतो, हायड्रोस अजिबात नाही. मागच्या वेळी कोल्हापुरात प्रदर्शनात 1000 पत्रकं वाटली, नंतर चार फोन आले. आता मेरी वेदर मैदानावर परत स्टॉल घेतलाय. पत्रकाचा फोटो जोडलाय, दोन्ही बाजू. काय बदलू?

ताई, फोटो मोठा करून नीट पाहिला. माझा कांदा-लसूण मसाल्याचा स्टॉल बरीच वर्षं असतो, त्यामुळे हे वाटून झालेले कागद संध्याकाळी मैदानावर पडलेले मीही पाहिलेत. माणूस चालत असतो, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला पोर. कागद घेतो, दोन पावलं जाईपर्यंत बघतो आणि पिशवीत तरी टाकतो नाहीतर खाली. तेवढ्या वेळात त्याची नजर जिथे पडते ती जागा म्हणजे कागदाचा वरचा तिसरा हिस्सा. तुमच्या पत्रकात तिथे गणपती, ‘प्रसन्न’ची ओळ आणि फर्मचं नाव आहे. नाव तुम्हाला प्रिय आहे हे कळतं, पण अनोळखी माणसाला त्यावरून काही समजत नाही. ते खाली घ्या.

मग वर काय? एक गोष्ट आठवा: स्टॉलवर कुणी थांबलं की तुम्ही तोंडाने पहिलं काय सांगता? मला खात्री आहे, तुम्ही ‘अस्सल कोल्हापुरी गूळ’ म्हणत नसणार. कोल्हापुरात तो प्रत्येकाच्याच घरात आहे. पुण्यात स्टॉल लावलात तर ती ओळ कामाची, इथे नाही. तुम्ही बहुतेक म्हणत असाल, ‘भेंडी घालून केलाय, हायड्रोस नाही.’ तेच तुमचं शीर्षक, तुमच्याच शब्दांत. ‘केमिकलमुक्त’ लिहू नका, ते सगळेच लिहितात आणि शिवाय ते ढोबळ आहे. रसात चुना घालत असाल आणि कुणी जाणकाराने विचारलं, तर अडचण होईल. ‘हायड्रोस नाही’ हे नेमकं आहे आणि त्यावर तुम्ही ठाम उभ्या राहू शकता.

दुसरी ओळ ग्राहकाच्या प्रश्नाची. तुमच्या फोटोत गूळ तांबूस-काळपट दिसतो. पिवळाधमक गूळ बघायची सवय असलेला माणूस हातात खडा घेऊन विचारणारच, ‘एवढा काळा का?’ त्याचं उत्तर कागदावरच असू द्या: हायड्रोसने गुळाचा रंग उजळतो, आम्ही घालत नाही, म्हणून रंग असा. पण गडद रंग हाच शुद्धतेचा पुरावा, असं मात्र लिहू नका. जमीन, उसाची जात, रस किती वेळ कढला यानेही रंग बदलतो. पुढची ढेप थोडी फिकी निघाली तर तुमचाच कागद तुम्हाला खोटं पाडेल.

मागच्या बाजूचे ‘गुळाचे 12 फायदे’ पूर्ण काढा. जागा खातात हे एक कारण. दुसरं, त्यात ‘मधुमेहींसाठी उत्तम’ असं छापलंय. गुळात मुख्यतः साखरच असते, त्यामुळे हे खरं नाही आणि एखाद्या आजारी माणसाला त्याने त्रास होऊ शकतो. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असा दावा जाहिरातीत करायला 2018 च्या एफएसएसएआय नियमांनीही मनाई आहे. बाकीचे अकरा फायदे कुठल्याही गुऱ्हाळाच्या पत्रकावर चालतील. जे कुणाच्याही पत्रकावर चालतं ते तुमच्याकडून ठेवण्यासारखं नाही, मी कात्री चालवताना एवढंच बघते.

आणि या फायद्यांच्या खाली, अगदी शेवटी, बारीक अक्षरात तुमची सगळ्यात मोलाची ओळ सापडली: ‘दर शनिवारी शहरात घरपोच’. ताई, ही वर हवी होती! मैदानावर दोन किलोची ढेप उचलून पार्किंगपर्यंत जायला कुणी तयार नसतं. ज्या ग्राहकाला आज गूळ नको, त्याला तो शनिवारी घरपोच हवा असू शकतो, पण त्याला ते कळायला हवं.

आता पुढचं पाऊल. तुम्ही चार फोन नंबर, एक मेल, गुऱ्हाळाचा पत्ता आणि इन्स्टाग्रामचा क्यूआर दिलाय. एवढे दरवाजे असले की माणूस एकातूनही आत येत नाही. एकच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप. क्यूआरच्या आत अशी लिंक घाला, तुमचा नंबर 91 लावून, आधी शून्य किंवा अधिकचं चिन्ह न देता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=GUL-KOP
```

स्कॅन केलं की GUL-KOP हा मजकूर लिहिलेलाच उघडतो, त्याने फक्त पाठवायचं. मजकूर मुद्दाम इंग्रजी अक्षरांत ठेवलाय. देवनागरी घातलं की लिंक लांबते, क्यूआर दाट होतो आणि बारीक छपाईत वाचला जात नाही. सांगलीच्या प्रदर्शनाला GUL-SGL करा, म्हणजे कोण कुठून आलं ते तुम्हाला कळेल. क्यूआर अडीच सेंटीमीटरचा घ्या, भोवती त्याच्याच चार चौकटींएवढी पांढरी जागा सोडा. खाली नंबर मोठ्या आकड्यांत, पाच-पाच तोडून. बरीच वडीलधारी माणसं स्कॅन करत नाहीत, थेट फोन लावतात.

क्यूआर कुठल्या तरी फुकट साइटवर ‘बदलता येणारा’ म्हणून बनवू नका. मी एकदा तसाच घेतला. चाचणीची मुदत संपली आणि मी 500 कागद वाटल्यानंतर कोड भलत्याच पानावर जायला लागला. लोक घरी जाऊन स्कॅन करत होते आणि मला पत्ताही नव्हता. साधा, कायमचा कोड करा, ज्यात लिंक थेट आत असते. आणि तो स्क्रीनवर नाही, छापलेल्या प्रूफवर दोन-तीन वेगवेगळ्या फोनने तपासा.

मी तुमचा पुढचा भाग असा करेन:

भेंडी घालून केलेला गूळ. हायड्रोस नाही.
म्हणून रंग तांबूस-काळपट.
ढेप · पावडर · काकवी
कोल्हापूर शहरात दर शनिवारी घरपोच
क्यूआर स्कॅन करा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर GUL-KOP पाठवा
(नंबर) सकाळी 10 ते संध्याकाळी 7
फर्मचं नाव, गाव, परवाना क्रमांक

एवढं ए-6 कागदावर, म्हणजे ए-5 च्या निम्म्यात, आरामात बसतं आणि खिशात मावतं. मागची बाजू कोरी ठेवा, लॅमिनेशन करू नका, नाहीतर त्यावर पेन उमटत नाही. स्टॉलवर भाव विचारणाऱ्याला तिथेच ‘2 किलो, शनिवार’ असं हाताने लिहून द्या. माझ्या अनुभवात हाताने लिहिलेला कागद लोक टाकत नाहीत.

प्रेसमध्ये एक धोका असतो. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर तिथला माणूस त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये घेतो आणि जोडाक्षरं, रफार इकडेतिकडे जातात. प्रूफ कागदावरच मागा आणि नंबरचा एकेक आकडा बोट ठेवून वाचा.

छापायला टाकण्याआधी शेजारच्या, गुळाशी संबंध नसलेल्या तिघांना प्रूफ हातभर अंतरावरून दाखवा, मनात तीन आकडे मोजा, उलटं करा. विचारा: काय विकतात, वेगळं काय, हवं असेल तर काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाला कुणी अडखळलं तर क्यूआरच्या वरची ओळ मोठी करा. पहिल्याला अडखळलं तर शीर्षकच चुकलंय, परत बसा. दुरुस्त केलेला फोटो इथे टाका, मी बघते.