एकाच करारात ९२ लाख आणि ८९ लाख: सही करावी का?

प्रश्न: वकीलसाहेब, दहिसरला रीसेलचा वन बीएचके घेतोय. सौदा ९२ लाखांना ठरला. एजंटने पाठवलेल्या इंग्रजी ड्राफ्टमध्ये किंमत आकड्यांत ९२ लाख, पण अक्षरी एकोणनव्वद लाख आहे. पुढच्या पेमेंटच्या तक्त्याची बेरीजही ८९ लाखच येते. विक्रेत्या बाईंचं नाव पहिल्या पानावर सासरच्या आडनावाने, तर शेड्यूलमध्ये आणि शेवटच्या पावतीत माहेरच्या आडनावाने. उरलेले पैसे द्यायची मुदत एकीकडे रजिस्ट्रेशनपासून ४५ दिवस, दुसरीकडे ३० नोव्हेंबर. रजिस्ट्रेशन २० ऑक्टोबरला आहे. एजंट म्हणतो, टायपिंगच्या चुका आहेत, तिथेच पेनाने दुरुस्त करू. सही करू का?

उत्तर: या ड्राफ्टवर करू नका. दुरुस्त ड्राफ्ट हातात आल्यावर जरूर करा. सौदा मोडावा असं यात काही दिसत नाही.

आधी किमतीचं बघू. चेकवर आकडा आणि अक्षर जुळत नसेल तर अक्षरी रक्कम धरायची, असं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १८ मध्ये लिहिलेलं आहे. पण ते चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठीपुरतं. घराच्या कराराला ते कलम थेट लागू होत नाही. तरी ‘आकड्यापेक्षा अक्षर भारी’ हा अर्थ लावण्याचा संकेत तुमच्या बाजूने मांडता येतो. विक्रेत्या बाजूचा वकील तो पुढे करणार नाही, कारण त्याने बाईंचे तीन लाख जातात. तो दुसरा नियम काढेल: करारातली आधीची आणि नंतरची अट एकत्र नांदूच शकत नसेल तर आधीची टिकते. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे. म्हणजे एका नियमाने ८९ आणि दुसऱ्याने ९२, आणि दोन्ही नियम एकाच कागदावर चालवायचे.

‘साक्षीदार सांगतील की काय ठरलं होतं’ हेही गृहीत धरू नका. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ९३ खाली एक उदाहरण होतं: ‘अ’ने ‘ब’ला घोडा १,००० किंवा १,५०० रुपयांना विकायचा लेखी करार केला, तर किंमत नेमकी कोणती ठरली होती हे सांगणारा पुरावा देता येत नाही. आता नव्या साक्ष अधिनियमात हाच नियम कलम ९६ मध्ये आहे. संदिग्धता कागदाच्या तोंडावरच दिसत असेल तर कोर्ट ती बाहेरच्या साक्षीने भरून काढत नाही. तुमच्या घोड्याचे दोन भाव तर एकाच ओळीत आहेत.

आता तक्ता बघा. टोकन १,००,०००, तुमचे स्वतःचे २२,११,०००, टीडीएस ८९,००० आणि बँकेचं कर्ज ६५,००,०००. बेरीज बरोबर ८९ लाख. हा आकडा टायपिंगमधून आलेला नाही. टीडीएस एक टक्का असतो, म्हणजे कोणीतरी ८९ लाख धरूनच हिशेब केलाय. माझा अंदाज, बोलणी चालू असतानाचा जुना ड्राफ्ट घेऊन त्यात फक्त वरचा आकडा बदलला गेला. मुंबईत हे नेहमी होतं. म्हणून नुसतं ‘८९’ खोडून ‘९२’ लिहून भागत नाही. टीडीएस ९२,००० होतो, कर्ज वाढणार नसेल तर तुमचा वाटा २५,०८,००० होतो, तेव्हा बेरीज ९२ लाखांवर येते. मुद्रांक शुल्काचं ई-चलन कोणत्या आकड्यावर काढलंय तेही पाहा. मुंबईत सहा टक्क्यांनी ८९ लाखांवर ५,३४,००० आणि ९२ लाखांवर ५,५२,००० होतात. मात्र रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दराने येणारं मूल्य याहून जास्त असेल तर शुल्क त्यावरच लागतं.

आणि कोणी हळूच म्हणालं, ‘कागदावर ८९ राहू दे, वरचे तीन रोख द्या’, तर चहा पिऊन उठा. घरव्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दिलेल्या तीन लाखांचा तुमच्याकडे कागदही राहत नाही.

तारखांचा फरक छोटा दिसतो, पण पैसे तिथेच अडकतात. २० ऑक्टोबरपासून ४५ दिवस मोजले तर ४ डिसेंबर येतो. बँकेने २ डिसेंबरला कर्जाचा चेक दिला, तर एका परिच्छेदाप्रमाणे तुम्ही मुदतीत आणि दुसऱ्याप्रमाणे दोन दिवस उशिरा. मुदत चुकली तर करार रद्द आणि टोकन जप्त अशी अट कुठे आहे का, आणि ती कोणत्या तारखेला जोडली आहे, ते शोधा. बँकेला किती दिवस लागतील हे त्यांना विचारून एकच मुदत ठेवा. मी ‘रजिस्ट्रेशनपासून इतके दिवस’ असंच लिहून घेतो, कारण रजिस्ट्रेशन पुढे गेलं तर ठरावीक तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

नावाच्या बाबतीत मात्र सगळीकडे एकच आडनाव करून टाकू नका. बाईंनी फ्लॅट लग्नाआधी घेतला असेल तर त्यांचा मूळ करार, त्याची इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट माहेरच्या नावावरच असणार. जुन्या कागदांचं वर्णन करताना जुनंच नाव हवं, नाहीतर मालकीची साखळी तुटते. पहिल्या पानावर आधार आणि पॅनप्रमाणे आजचं नाव, त्यापुढे ‘पूर्वाश्रमीचं नाव अमुक’, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं एक वाक्य करारात घाला. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत जोडा. पावती आजची आहे, म्हणून ती आजच्या नावाने आणि त्यातला टोकनचा चेक नंबर, तारीख तुमच्या पासबुकाप्रमाणे.

तपासताना पान एकशी पान नऊ ताडत बसू नका, दोन्हीकडे एकच चूक असू शकते. एका कोऱ्या कागदावर नाव, किंमत, तारखा, फ्लॅट नंबर आणि क्षेत्रफळ मूळ कागदांवरून उतरवा. मग ड्राफ्टमध्ये प्रत्येक बाब जिथे जिथे येते तिथे टिक करा.

पेनाच्या दुरुस्तीला कायदा नाही म्हणत नाही. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम २० प्रमाणे प्रत्येक खाडाखोडीपाशी सही करणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरं हवीत, नसतील तर दुय्यम निबंधक दस्त नाकारू शकतो. पण तुमच्याकडे किंमत, तक्ता, टीडीएस, मुदत, नाव इतकं सगळं खोडायचंय, आणि असा दस्त बँकेच्या वकिलाकडे अडकण्याची शक्यता मोठी. एजंटकडून वर्डची फाईल दुरुस्त करून घ्या आणि पूर्ण करार नव्याने छापा. मधलीच दोन पानं बदलली तर परिच्छेदांचे क्रमांक हलतात आणि ‘परिच्छेद ९ प्रमाणे’ म्हटलेला संदर्भ भलतीकडेच जातो.

आधी सही करून मग बघू म्हणाल, तर नंतर चूकदुरुस्ती पत्र करावं लागतं. ते नोंदवायला विक्रेत्या बाईंनी पुन्हा यायला हवं. त्यांनी नकार दिला तर विशिष्ट सहाय्य अधिनियम १९६३ च्या कलम २६ खाली दावा, आणि त्यात चूक दोघांचीही होती किंवा फसवणूक झाली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

२० तारीख गाठता आली नाही तर पुढची घ्या. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करायचा असतो, आणि तुमची तर अजून सहीच झालेली नाही. निबंधक कार्यालयात संगणकावर भरलेली माहिती अंगठा देण्यापूर्वी वाचा. इंडेक्स टू त्या माहितीवरून निघते, करारातली किंमत बरोबर असूनही तिथे ८९ लाख पडू शकतात.