फोटो आला, पण करायचं काय ते लिहिलं नाही

‘चेहरे नीट दिसत नाहीत, बघ जरा’ एवढंच लिहून कोणी जुना ग्रुप फोटो पाठवला, तर लगेच एडिटर उघडू नकोस. त्यांना फोटो उजळ करून हवा असेल, कोण कुठे उभं आहे याचं वर्णन हवं असेल, किंवा फोटो खरा आहे का हे तपासून हवं असेल.

आधी अंदाज चुकला तर काय जाईल ते बघ. कॉपीवर उजेड-अंधाराच्या लेव्हल्स थोड्या सरकवायला दोन मिनिटं लागतात. तेवढं खुशाल कर आणि ‘फक्त उजळ केलाय, मूळ फाइल तशीच आहे’ असं कळव. चुकलं तरी बिघडत नाही.

पुसट चेहरा नव्याने रंगवायचा असेल तर मात्र विचारच. त्यात तास जातात, आणि नाक-डोळे तुझ्या कल्पनेतले येतात. तपासणीची शक्यता असेल तर अजून जपून, कारण जेपेग परत सेव्ह केला की कॉम्प्रेशनच्या मूळ खुणा बदलतात, कधी फाइलमधली तारीख-कॅमेऱ्याची एक्झिफ माहितीही उडते. मूळ फाइलवरच सेव्ह केलंस तर ते परत मिळत नाही.

विचारताना ‘नक्की काय हवंय?’ असं मोघम नको. ‘उजळ करू, की चेहरे ओळखून नावं लिहू?’ असं विचार, एका शब्दात उत्तर येतं.