आमच्या कंपनीच्या फेसबुक पेजवर रोज तक्रारीच्या कॉमेंट येतात. निगेटिव्ह कॉमेंटवरून हेल्पडेस्कमध्ये आपोआप तिकीट बनेल आणि तक्रार सुटेपर्यंत तिचा माग राहील असं करता येतं का? कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

करता येतं. आम्ही केलं होतं, आणि त्यात माझ्या सख्ख्या आत्याची तक्रार तीन आठवडे लोळत पडली होती. म्हणून लिहितोय. सॉफ्टवेअरचं शेवटी बघू.

पुण्यात पाण्याचे प्युरिफायर विकणाऱ्या आणि त्यांची सर्व्हिस देणाऱ्या एका कंपनीत मी सपोर्टची यंत्रणा सांभाळायचो. पेजवर दिवसाला साठ-सत्तर कॉमेंट. हेल्पडेस्क झेनडेस्क, मध्ये आमची स्वतःची एक स्क्रिप्ट. फेसबुकच्या पेजला `feed` या फील्डचं वेबहुक लावलं की प्रत्येक नव्या कॉमेंटची खबर आपल्या सर्व्हरवर येते. स्क्रिप्ट मजकूर तपासायची आणि निगेटिव्ह वाटला तर तिकीट बनवायची. कॉमेंटचा `comment_id` आम्ही तिकिटाच्या `external_id`मध्ये ठेवायचो. इथपर्यंतचं काम चार दिवसांचं.

पहिल्याच रात्री पचका झाला. आमची माणसं पेजच्या नावानं जे उत्तर देतात, तेही वेबहुकला कॉमेंट म्हणूनच येतं. आम्ही हौसेनं स्वयंचलित उत्तर ठेवलं होतं: ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.’ त्यात ‘त्रास’ आहे, म्हणजे निगेटिव्ह, म्हणजे तिकीट, म्हणजे पुन्हा उत्तर, त्यात पुन्हा ‘त्रास’. सकाळी येऊन बघतो तर एका गृहस्थाच्या कॉमेंटखाली आमच्याच दिलगिरीची माळ लागलेली. `from.id` जर आपल्याच पेजचा आयडी असेल तर सोडून द्यायचं, एवढी एक ओळ राहिली होती. आणि वेबहुकला आधी ‘मिळालं’ म्हणून 200 देऊन टाका, बाकीचं काम मागून रांगेत करा. उशीर झाला की फेसबुक तीच खबर पुन्हा पाठवतं आणि एका कॉमेंटची दोन-तीन तिकिटं होतात. `external_id` एकमेव आहे का हे झेनडेस्क तपासत नाही. ते तुमच्या डेटाबेसनं तपासायचं.

आता आत्याचं. ती मिरजेला असते. फिल्टर बदलून गेल्यापासून मशीनच्या खालून पाणी गळत होतं. फोन लागेना म्हणून तिनं पेजवर लिहिलं: ‘वा, छान सर्व्हिस. आठ दिवस बादली लावून बसलोय. धन्यवाद.’ आमच्या स्क्रिप्टनं ‘वा’, ‘छान’ आणि ‘धन्यवाद’ मोजले आणि कॉमेंट पॉझिटिव्ह ठरवली. मराठी माणूस चिडला की आधी आभार मानतो, हे त्या यंत्राला कोण सांगणार? दोन दिवसांनी सोमवारी तिनं सरळच लिहिलं: ‘गळतंय, माणूस पाठवा.’ तेव्हा तिकीट बनलं.

आमच्या सपोर्टमधल्या मुलानं दहा मिनिटांत उत्तर दिलं, ‘कृपया इनबॉक्समध्ये आपला नंबर पाठवा’, आणि तिकीट सॉल्व्ह्ड केलं. असंच करायचं असा साहेबांचा नियमच होता. त्यांचं म्हणणं, उत्तर दिलं की आपलं काम झालं, पुढचं सर्व्हिस विभागाचं. महिन्याच्या तक्त्यात ‘चोवीस तासांत सुटलेली तिकिटं’ हा एकच आकडा वर जायचा आणि तो नेहमी हिरवा असायचा.

आत्यानं नंबर पाठवला. पण इनबॉक्सचा मेसेज वेगळ्या वाटेनं येतो. त्याचं वेगळं तिकीट बनलं. त्यात फक्त तिचं नाव आणि दहा आकडे, तक्रार कसली त्याचा पत्ता नाही. दुसऱ्या मुलीनं विचारलं, ‘नमस्कार, आपली काय सेवा करू शकतो?’ आत्या म्हणते, ते वाचून मी फोन पालथा घातला. उत्तर आलं नाही म्हणून तेही तिकीट सॉल्व्ह्ड.

झेनडेस्कमध्ये सॉल्व्ह्ड आणि क्लोज्ड या दोन वेगळ्या अवस्था आहेत. सॉल्व्ह्ड तिकिटावर गिऱ्हाईक बोललं तर ते पुन्हा उघडतं. क्लोज्ड झालं की कुलूप, त्यात कुणालाच काही लिहिता येत नाही. आणि मुळात जो ऑटोमेशनचा नियम येतो तो सॉल्व्ह्डनंतर चार दिवसांनी क्लोज्ड करतो. सोमवारचं तिकीट शुक्रवारी बंद झालं. रविवारी आत्यानं त्याच कॉमेंटखाली लिहिलं, ‘नंबर दिला, अजून कुणी आलेलं नाही.’ स्क्रिप्टनं मूळ कॉमेंटवरून जुनं तिकीट बरोबर शोधलं, त्यात भर घालायला गेली आणि हे मिळालं:

```
PUT /api/v2/tickets/48213.json
422  "Status: closed prevents ticket update"
```

स्क्रिप्टनं ही ओळ लॉगमध्ये लिहिली आणि गप्प बसली. स्क्रिप्ट माझी, चूक माझी. पुढच्या गुरुवारी आत्यानं परत लिहिलं, परत 422. ते लॉग कुणी वाचत नव्हतं.

गौरी जेवणाच्या दिवशी मिरजेला गेलो तर स्वयंपाकघरात ओट्याखाली निळी बादली. आत्या म्हणाली, “अरे, तू त्याच कंपनीत ना? मग तिथं वाचतं कोण?” मी तिथंच लॅपटॉप उघडला. लॉगमध्ये `422` शोधलं तर दोन महिन्यांत सदतीस ओळी. सदतीस वेळा लोकांनी ‘काम झालं नाही’ असं आम्हाला पुन्हा सांगितलं होतं, आणि तक्त्यात त्या सगळ्या तक्रारी सुटलेल्या होत्या.

तर तिकीट बनवणं हा यातला सोपा भाग. ते बंद कोण आणि कशावरून करतं ते आधी ठरवा. आम्ही नंतर असं केलं: कॉमेंटला उत्तर दिलं की तिकीट पेंडिंग, म्हणजे चेंडू गिऱ्हाइकाकडे. नंबर मिळाला आणि टेक्निशियनचं काम नोंदलं की ऑन-होल्ड. जॉबकार्ड बंद झाल्यावर आमच्यातलं कुणीतरी फोन करून ‘गळायचं थांबलं का?’ एवढंच विचारायचं, आणि हो म्हटलं तरच सॉल्व्ह्ड. चार दिवसांचा नियम वाढवता येतो, पण 28 दिवसांपलीकडे झेनडेस्क सॉल्व्ह्ड तिकीट उघडं ठेवतच नाही. म्हणून 422 आलं की स्क्रिप्टनं `via_followup_source_id`मध्ये जुन्या तिकिटाचा क्रमांक देऊन नवं तिकीट काढायचं आणि त्याला ‘पुन्हा’ हा टॅग लावायचा. ‘पुन्हा’ टॅगची तिकिटं किती, हा आकडा चोवीस तासांच्या आकड्याशेजारी ठेवला की खरं काय ते दिसतं. साहेबांना तो आकडा तक्त्यात नको होता. यावरून आमचं जे वाजलं ते मी कंपनी सोडेपर्यंत वाजतच राहिलं.

इनबॉक्सचा तुटलेला धागाही जोडता येतो. ‘नंबर पाठवा’ हे जाहीर उत्तरात लिहायचं नाहीच. लोक घाईत तिथंच नंबर टाकतात आणि मग ‘कस्टमर केअरमधून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्याचा फोन आपल्याआधी जातो. फेसबुक कॉमेंटवरून थेट खाजगी उत्तर पाठवू देतं. एका कॉमेंटला एकच, आणि तेही सात दिवसांच्या आत. ते एपीआयनं पाठवलं की परतीच्या उत्तरात `recipient_id` मिळतो. तो तिकिटात साठवा. नंतर इनबॉक्समधून त्याच आयडीनं मेसेज आला की तो कोणत्या तक्रारीचा ते कळतं, आणि ‘आपली काय सेवा करू’ विचारायची वेळ येत नाही.

‘निगेटिव्ह’ या शब्दावर मात्र माझा राग आहे. तक्रार आणि निगेटिव्ह या एक गोष्टी नाहीत. ‘तुमची जाहिरात भंगार आहे’ हे निगेटिव्ह, पण तिकीट काढून करणार काय? ‘एएमसीचे पैसे भरले, पावती यायची आहे’ यात एकही वाईट शब्द नाही, आणि ती पक्की तक्रार. त्यात निम्मे लोक मराठी रोमन लिपीत, आपापल्या स्पेलिंगनं लिहितात. जुन्या दोनशे कॉमेंट घ्या, दोघांना वेगवेगळं बसवून ‘तक्रार’ किंवा ‘तक्रार नाही’ असं हातानं लावून घ्या, मग यंत्राला द्या आणि फक्त त्यानं सोडलेल्या तक्रारी वाचा. आमच्या यंत्राच्या नजरेतून निसटलेल्यांत टोमणे आणि सभ्य भाषा हे दोनच प्रकार मुख्य निघाले. शेवटी आम्ही उलटं केलं. नुसता अंगठा, नुसतं मित्राचं नाव किंवा फक्त ‘किंमत?’ असेल ते गाळायचं, बाकी प्रत्येक कॉमेंटचं तिकीट काढायचं. फालतू तिकीट बंद करायला माणसाला पाच सेकंद लागतात. निसटलेली तक्रार शोधायला मला मिरजेला जावं लागलं.

कॉमेंट डिलीट झाली तर वेबहुकला `verb` म्हणून `remove` येतं. त्यावरून तिकीट बंद करू नका. माणसं वैतागूनही पुसतात. आणि कॉमेंट हाइड करणं हा तर साहेबांचा आवडता उपाय. हाइड केलेली कॉमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, त्यामुळे त्याला वाटतं सगळ्यांना दिसतेय आणि तरी कुणी दखल घेत नाही. हाइड केलेल्या कॉमेंटचं तिकीट सर्वांत वर ठेवावं असं मी म्हणायचो. आजही म्हणतो.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. झेनडेस्क घ्या, फ्रेशडेस्क घ्या, दोन्हीत फेसबुकची तयार जोडणी आहे आणि सुरुवातीला तीच पुरते. स्वतःची स्क्रिप्ट लिहायची तर `pages_manage_metadata` आणि `pages_read_user_content` या परवानग्यांसाठी फेसबुकच्या ॲप तपासणीतून जावं लागू शकतं, त्याला वेळ धरा. आणि हे आधी सांगायला हवं होतं: दिवसाला पाच-सात कॉमेंट येत असतील तर यातलं काहीच नको. एक शेअर केलेली शीट, त्यात ‘गिऱ्हाइकानं हो म्हटलं का’ असा एक रकाना, आणि रोज संध्याकाळी तो रकाना बघणारं एक नाव ठरलेलं असलं की झालं. माझा अनुभव सर्व्हिस विकणाऱ्या कंपनीचा आहे. तुम्ही कपडे विकत असाल तर टोमण्यांचं प्रमाण वेगळं असेल.

आत्याचं मशीन मी स्वतः फोन करून दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेतलं. वॉशर उलटा बसवला होता. साहेबांनी तेही तिकीट चोवीस तासांत सुटलेल्यांत धरलं.